अकरा रेघा, दोन पाइप

नाशिकच्या अंबड किंवा सातपूर एमआयडीसीतल्या कुठल्याही फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये शिरा. दाराशी सहा-सहा मीटरच्या चौकोनी पाइपांची चळत, आत कटरचा कर्कश आवाज आणि भिंतीवर खडूनं लिहिलेली मापं हमखास दिसतील. ही मापं म्हणजे कापायची यादी. ‘१८०० – २ नग, दोन्हीकडे ४५’ अशा चार-पाच ओळींवर दिवसभराचं काम चालतं. पूर्वी ही यादी फोरमनच्या डोक्यातून यायची. आता बऱ्याच ठिकाणी ती कॉम्प्युटरमधून येते, आणि ती कशी येते हे पाहण्यासारखं आहे. कारण तिथं सुरुवातीला पाइप नसतोच, असते ती नुसती रेघ.

एक टेबल घेऊ. पिंपळगाव बसवंत, दिंडोरी, निफाड या पट्ट्यात द्राक्षांची पॅकहाऊस आहेत आणि हंगामात तिथं लांबलचक टेबलांवर घड निवडून खोक्यात भरतात. समजा असं एक टेबल करायचं आहे : लांबी १८०० मिलिमीटर, रुंदी ९००, सांगाड्याची उंची ७५०. वर स्टेनलेसचा पत्रा येईल, खालचा सांगाडा ५० बाय ५० च्या, ३ मिलिमीटर जाडीच्या चौकोनी पाइपचा. (टेबलासाठी हा पाइप जरा दणकटच झाला. पण मापं गोल असली की हिशोब डोळ्यांसमोर राहतो.) वर चार पाइपांची चौकट, तिचे कोपरे ४५ अंशांत कापून जुळवलेले. खाली चार पाय. पायांना जखडायला दोन आखूड आडवे पाइप आणि त्या दोघांना जोडणारा एक लांब. एकूण अकरा तुकडे.

सॉफ्टवेअरमध्ये आधी या टेबलाचं काडीचित्र काढायचं. अकरा रेघा, जाडी शून्य. मग ‘या रेघांवर ५० बाय ५० बाय ३ चा पाइप चढव’ असं सांगायचं. सॉलिडवर्क्समध्ये या आज्ञेचं नाव `Structural Member`. फ्रीकॅड हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात FrameForge नावाची जोडणी टाकली की हेच काम होतं. पाइपचा आडवा छेद, म्हणजे बाहेरून चौकोन, आतून पोकळ आणि कडा गोलसर, प्रत्येक रेघेच्या टोकाशी ठेवला जातो आणि रेघेवरून ओढत नेला जातो. क्षणात अकरा रेघांचा सांगाडा उभा राहतो.

पहिली ठेच इथंच लागते. छेदाचा मधला बिंदू रेघेवर बसतो. म्हणजे रेघ ही पाइपची बाहेरची कड नव्हे, त्याच्या पोटातली मध्यरेषा. तुम्ही हौसेनं १८०० बाय ९०० ची चौकट आखली, तर दोन्ही बाजूंना पाइपची अर्धी-अर्धी रुंदी वाढून टेबल १८५० बाय ९५० होतं. पडद्यावर ते छानच दिसतं, शंकाही येत नाही. कळतं ते पत्रा बसवताना. म्हणून आपल्या टेबलासाठी रेघा १७५० बाय ८५० च्या आखायच्या. दुसरा मार्ग म्हणजे छेद मध्यावरून उचलून त्याचा कोपरा रेघेवर टेकवायचा. तशी सोय असते, मग बाहेरचं माप सरळ आखता येतं.

आता कोपरा. दोन पाइप काटकोनात भेटतात तिथं काय करायचं, हे सॉफ्टवेअर विचारतं. एक पाइप पूर्ण लांब ठेवून दुसरा त्याला येऊन टेकवता येतो, किंवा दोन्ही तिरके कापून जुळवता येतात. या दुसऱ्या प्रकाराला तिथं `End Miter` म्हणतात. शेडमध्ये ‘पंचेचाळीसमध्ये मार’ एवढं म्हटलं की भागतं. फोटोच्या लाकडी चौकटीचा कोपरा असतो तसाच हा.

त्यामागची भूमिती मला कायम मोहात पाडते. दोन पाइपांमधल्या कोनाला बरोबर मधोमध दुभागणारं एक सपाट पातळ प्रतल कल्पा. हे प्रतल म्हणजे आरसा. एका पाइपचं त्या आरशातलं प्रतिबिंब म्हणजेच दुसरा पाइप. मग दोघांचे कापलेले चेहरे जुळावे लागतातच. आपल्या पाइपचा चौरस छेद ४५ अंशांत कापला की एका दिशेनं ताणला जातो आणि ५० बाय ७०.७ चा आयत होतो. समोरच्या पाइपवरही अगदी तोच आयत, त्याच गोलसर कडांसह. सॉफ्टवेअरला ‘पंचेचाळीस’ हा आकडा पाठ नसतो, ते फक्त आरसा शोधतं. कोपरा १२० अंशांचा असेल तर तो आरसा दुसरीकडे उभा राहतो आणि यादीत ३० येतो, कारण तिथं कोन सरळ कापापासून मोजतात. सरळ काप म्हणजे शून्य. शेडमध्ये काही जण सरळ कापाला नव्वद म्हणतात, मग ३० ला ६० समजून पाइप वाया जातो. ४५ ला मात्र हा घोळ होत नाही, दोन्हीकडून तो ४५ च असतो. चौकटीत एका बाजूला ५० चा आणि दुसऱ्या बाजूला ४० चा पाइप घेतला तर आरशाचा खेळ मोडतो. प्रतिबिंबच सारखं नसल्यामुळे चेहरे जुळत नाहीत.

दिसायला सुबक म्हणून तर हा कोपरा करतातच, पण पोकळ पाइपला त्याचा आणखी एक फायदा आहे. पाइपचं एकही तोंड उघडं राहत नाही. सरळ टेकवलेल्या कोपऱ्यात एका पाइपचं तोंड बाहेर उघडं राहतं आणि त्यावर टोपी वेल्ड करावी लागते, नाहीतर धुण्याचं पाणी आत जाऊन पाइप आतून सडतो. पॅकहाऊसमध्ये रोज पाणी मारतात, तिथं हे महत्त्वाचं. उलटी बाजूही सांगतो : अशी पूर्ण बंद चौकट गॅल्व्हनाइझिंगला पाठवायची असेल तर आधी तिला भोकं पाडावीच लागतात. वितळलेलं जस्त साधारण ४५० अंश तापलेलं असतं. त्यात बंद पाइप बुडवला की आतली हवा आणि ओल फुगते, आणि पाइप फुटून माणूस भाजू शकतो.

आता पायांकडे या. काडीचित्रात पायाची रेघ जमिनीपासून वरच्या चौकटीच्या मध्यरेषेपर्यंत जाते, म्हणजे ७२५. पण खरा पाय चौकटीच्या खालच्या पृष्ठाशीच थांबायला हवा, ७०० वर. त्यासाठी ‘हा पाइप त्या पाइपाशी छाट’ अशी वेगळी आज्ञा द्यावी लागते. ती द्यायची राहिली तर पाय २५ मिलिमीटर वरच्या पाइपच्या पोटात घुसलेला राहतो. बाहेरून काहीच दिसत नाही, कारण घुसलेला भाग झाकलेला असतो. पडद्यावर दोन लोखंडं एकाच जागी सुखानं नांदतात, शेडमध्ये नांदत नाहीत. ही चूक यादीतच पकडता येते. ७५० उंचीच्या टेबलात, वरचा पाइप ५० चा असताना पायापुढे ७२५ दिसलं की समजायचं, छाटणी राहिली. आडव्या पाइपांचंही तसंच : रेघ ८५० ची, तुकडा ८०० चा. रेघ १७५० ची, तुकडा १७०० चा.

छाटणी झाली की यादी आपोआप तयार. ती आपोआप होते म्हणजे काय होतं? सॉफ्टवेअर अकराही तुकडे एकमेकांशी ताडून पाहतं. आकारानं तंतोतंत सारखे असतील ते एका ओळीत घालतं आणि नग मोजतं. कोणता तुकडा ‘पाय’ आणि कोणता ‘आडवा’ हे त्याला ठाऊक नसतं, त्याची गरजही नसते. आपल्या टेबलाची यादी अशी येईल :

```
ITEM  QTY  DESCRIPTION    LENGTH  ANGLE1  ANGLE2
1     2    SQ 50x50x3     1800    45      45
2     2    SQ 50x50x3     900     45      45
3     4    SQ 50x50x3     700     0       0
4     2    SQ 50x50x3     800     0       0
5     1    SQ 50x50x3     1700    0       0
```

या पाच ओळी वाचायला सोप्या वाटतात, पण पहिल्या दोन ओळी नीट पाहा. १८०० ही लांबी तुकड्याच्या लांब बाजूची आहे, टोकापासून टोकापर्यंतची. आतली बाजू १७०० च आहे. टेप कुठल्या कडेला लावायचा हे कापणाऱ्याला माहीत हवं, यादी ते सांगत नाही. त्याहून गमतीचं म्हणजे ‘४५, ४५’. या दोन आकड्यांतून तीन वेगळे तुकडे निघू शकतात. दोन्ही तिरके काप एकमेकांकडे झुकले तर एक बाजू लांब, एक आखूड असा तुकडा होतो, चौकटीला तोच लागतो. दोन्ही काप एकाच दिशेला झुकले तर सरकलेल्या आयतासारखा तुकडा होतो, आणि तो आपल्या टेबलात कुठंच बसत नाही. तिसऱ्यात एक काप उभ्या पातळीत आणि दुसरा आडव्या, जणू पाइप पाव फेरा वळलाय. तिन्हींची लांबी आणि कोन यादीत सारखेच छापले जातात. म्हणूनच सॉलिडवर्क्सनं पुढच्या आवृत्त्यांत कोनाची दिशा आणि फिरवणी यांचेही रकाने दिले. ते घेतले नसतील तर यादीसोबत तुकड्याचं छोटं चित्र छापणं हाच शहाणपणा.

खरी मजा पाइप खाली उतरवल्यावर येते. यादीतल्या लांब्या बेरजेला घातल्या तर ११.५ मीटर होतात. सहा मीटरचे दोन पाइप म्हणजे १२ मीटर. म्हणजे दोन पाइपांत टेबल बसायला हवं. पण यादी ज्या क्रमानं आली त्याच क्रमानं कापत गेलात तर पहिल्या पाइपातून वरच्या चौकटीचे चार तुकडे निघतात, १८००, १८००, ९००, ९०० असे ५४००, आणि उरतात ६००. त्यातून ना ७०० चा पाय निघतो, ना ८०० चा आडवा. उरलेल्या सात तुकड्यांची बेरीज ६१००. दुसरा पाइप १०० मिलिमीटरनं तोकडा पडतो आणि एका पायासाठी तिसरा पाइप आणावा लागतो. या मापाचा पाइप मीटरला साधारण सव्वाचार किलो भरतो, म्हणजे पंचवीस किलोचा नग एका पायासाठी.

आता कापणारा कसबी असेल तर काय करतो पाहा. कटर ४५ वर बांधतो आणि परत हलवत नाही. एक तुकडा कापला की पाइप त्याच्या अंगावर अर्धा फेरा फिरवतो, वरची बाजू खाली, आणि पुढचं माप घेतो. असं केलं की एका तुकड्याचा शेवटचा काप हाच पुढच्या तुकड्याचा पहिला काप ठरतो. दोन तुकड्यांमध्ये वाया जाणारा त्रिकोणच उरत नाही. लांब बाजूच्या शेजारी आखूड बाजू येते. वरच्या कडेनं १८००, १७००, ९००, ८०० आणि खालच्या कडेनं १७००, १८००, ८००, ९००, दोन्हीकडे ५२००. शेवटच्या तिरक्या टोकाचे ५० धरले की ५२५०.

यात पातं खातं तेवढं लोखंड मिळवायचं. घासून कापणाऱ्या चाकाची रुंदी ३ मिलिमीटर धरली तरी तिरक्या कापात ते पाइपच्या लांबीवर ४.२ खातं, कारण ते आडवं नाही, तिरकं जातं. पाच कापांचे २१. म्हणजे पहिल्या पाइपातले ५२७१ संपले आणि ७२९ उरले. त्यातून टोक सरळ करून ७०० चा पाय सहज निघतो. दुसऱ्या पाइपात तीन पाय, दोन ८०० आणि एक १७०० : ५४००, अधिक कापांचे वीसेक. तिसरा पाइप वाचला.

न फिरवताही दोन पाइपांत बसवता येतं, तुकड्यांची वाटणी बदलायची. एका पाइपात दोन १८००, दोन ८०० आणि एक ७००, बाकीचे दुसऱ्यात. हे कोडं सोडवणारी वेगळी सॉफ्टवेअरं आहेत. पण मूळ यादी ते सोडवत नाही. ती तुकडे सांगते, पाइप सांगत नाही. आणि पात्याची जाडी तर तिला ठाऊकच नसते.

फिरवताना एक बारीक गोष्ट मात्र सांभाळायची. हा पाइप पट्टी वळवून, कडा वेल्ड करून बनवलेला असतो. त्याची शिवण एका बाजूला लांबपर्यंत जाते, आतून तर ती बोटाला लागते. ती टेबलाच्या दर्शनी बाजूला आली तर रंगाखालूनही दिसते. म्हणून आधी शिवण शोधायची आणि ती कुठल्या बाजूला जाईल हे पहिल्या कापाआधीच ठरवायचं. यादीत शिवणीचा रकाना नाही.

कोनातली चूक किती महागात पडते तेही पाहू. समजा, कटरची पट्टी अर्ध्या अंशानं चुकीची बसलीय. ४५ ऐवजी ४४.५. अर्धा अंश डोळ्याला दिसत नाही. पण चौकटीला आठ काप आहेत आणि सगळे त्याच बांधलेल्या कटरवरचे, म्हणून चूक एकाच दिशेनं साचत जाते : अर्धा गुणिले आठ, चार अंश. तीन कोपरे घट्ट जुळवून आणले की चौथा उघडा राहतो, आणि ७० मिलिमीटर लांबीच्या त्या सांध्यात एका टोकाला जवळजवळ ५ मिलिमीटरची फट पडते. ही फट दिसली की पहिला मोह होतो तो वेल्डिंगनं भरून टाकण्याचा. भरतेही. पण तेवढा रस ओतला की थंड होताना तो कोपऱ्याला आपल्याकडे खेचतो आणि चौकट वाकडी होते. त्यापेक्षा कटर पुन्हा लावावा. लावताना कोनमापकावर फार भरवसा ठेवू नये. भंगारातले दोन तुकडे कापून जोडावे आणि त्यांवर गुण्या धरावा. अर्ध्या अंशाची चूक दोन कापांनी एक अंश होते आणि गुण्याखाली उजेड दिसतो.

चौकट जुळली की चारी कोपऱ्यांना आधी नुसते टाके मारायचे आणि कर्ण मोजायचे. १८०० बाय ९०० चा कर्ण २०१२.५. दोन्ही सारखे आले तर चौकट काटकोनात. ही जुनीच रीत आहे, पण तिच्यातली खुबी अशी की चौकट लांबीच्या दिशेनं ३ मिलिमीटरनं कलली असेल तर दोन कर्णांतला फरक ५ मिलिमीटरच्या वर जातो. चूक मोठी होऊन दिसते. टाके असेपर्यंत लाकडी हातोड्याच्या एका दणक्यानं ती निघते. पूर्ण वेल्ड झाल्यावर निघत नाही. मग समोरासमोरचे कोपरे आलटून पालटून पुरे करायचे, म्हणजे ओढ दोन्हीकडे सारखी बसते.

पाय बसतात ते नेमके या कोपऱ्यांच्या खाली, तिरक्या सांध्यावरच. त्यामुळे सांध्याची खालची बाजू आधी घासून सपाट करावी लागते. नाहीतर वेल्डिंगच्या उंचवट्यावर पाय डुगडुगतो आणि ७०० चा पाय ७०१-७०२ चा होऊन बसतो. मॉडेलमध्ये वेल्डिंगला उंचवटा नसतो. रस आत शिरायला हवी असलेली फटही तिथं नसते. तुकड्यांमध्ये मिलिमीटरभर अंतर ठेवण्याची सोय सॉफ्टवेअरमध्ये आहे, पण ती वापरली तर यादीतले आकडे १७९९ असे विचित्र दिसू लागतात आणि शेडमधला माणूस ते मुकाट्यानं १८०० करून टाकतो.

तरीही रेघेवरून काम करण्याची जादू गिऱ्हाईकाचा फोन आला की कळते. टेबल १८०० नको, १९५० करा. मॉडेलमध्ये १७५० च्या जागी १९०० टाकायचे. रेघ लांबते, पाइप तिच्यामागे लांबतात, आरसे आपल्या जागी सरकतात, यादीत १८०० चे १९५० आणि १७०० चे १८५० होतात. पाय, आखूड बाजू, आडवे, सगळं जिथल्या तिथं. आणि वाटणी बदलली तर पाइप अजूनही दोनच लागतात : एकात दोन १९५० फिरवून आणि तीन पाय, दुसऱ्यात दोन ९००, एक १८५०, दोन ८०० आणि उरलेला पाय. पहिल्या पाइपात शेवटी जेमतेम २५ मिलिमीटर शिल्लक राहतात, तेव्हा कापायच्या आधी पाइप खरोखर सहा मीटर भरतो का ते मोजून घ्यायचं.

आणि त्यानं आणखी पाच सेंटिमीटर मागितले, पूर्ण दोन मीटर? चारही तिरके तुकडे एकाच पाइपात घातले तर बाकीचे दुसऱ्यात मावत नाहीत, आणि दोन्ही पाइपांत वाटले तर कितीही फिरवा, तुकडे आणि शेवटची तिरकी टोकं मिळून निदान १२,००० मिलिमीटर होतात. पात्याला खायला काही उरत नाही. तिसरा पाइप आणावाच लागतो.